चिकनचा सीसीपी दारात नसतो

हॅसपच्या प्रमाणपत्र परीक्षेत वेगवेगळ्या शब्दांत येणारा एक प्रश्न आहे. शिजवलेल्या चिकनच्या प्रक्रियेत साल्मोनेलासाठी सीसीपी, म्हणजे क्रिटिकल कंट्रोल पॉइंट, कोणता? पर्याय असे : (अ) कच्चं चिकन ताब्यात घेणं, (ब) ते ४ अंश सेल्सिअसला साठवणं, (क) चिकन शिजवणं, (ड) कामगारांनी हात धुणं.

सराव परीक्षेत हा प्रश्न मी दर बॅचला घालते आणि दर बॅचला बरेच जण 'अ'वर खूण करतात. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "मॅडम, जंतू तिथूनच तर आत येतात!" अहो, येतात की. त्याबद्दल वाद कुणी घातलाय? पण धोका कुठून शिरतो हे सांगणं म्हणजे धोक्याचं विश्लेषण झालं. सीसीपी ठरवताना विचारायचं असतं ते वेगळंच : हा धोका कुठल्या पायरीवर संपतो, किंवा निदान चालेल इतका कमी होतो? शिवाय ती पायरी हुकली, तर पुढे कुणी सावरायला आहे का?

दारात काय घडतं ते बघू. टेम्पो येतो, तुम्ही चिकनमध्ये थर्मामीटर खुपसता, आकडा दिसतो ४. कागदपत्रं बघता, वास घेता, माल आत घेता. या सगळ्यात साल्मोनेला आहे की नाही, हे कुठे कळलं? ४ अंशांना तो मरत नाही, त्याची वाढ फक्त थोपवली जाते. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर नेहमीच्या पद्धतीने अहवाल यायला काही दिवस जातात. तोवर चिकन शिजून, वाढून, पचूनही गेलेलं असतं. म्हणजे ज्या धोक्यासाठी ही पायरी सीसीपी म्हणायची, तो तिथे दिसत नाही, मरत नाही आणि वेळेत मोजताही येत नाही.

कोडेक्सच्या जुन्या निर्णयवृक्षात चार प्रश्न होते. माल घेण्याची पायरी त्यातून नेऊ. नियंत्रणाचे उपाय आहेत का? आहेत, निवडलेला पुरवठादार आणि तापमानाची तपासणी. ही पायरी धोका नाहीसा करण्यासाठी किंवा मान्य पातळीपर्यंत कमी करण्यासाठीच आखलेली आहे का? नाही. इथे धोका मान्य पातळीपलीकडे असू शकतो का? हो, आणि इथेच लोकांचा पेन थांबतो. हा 'हो' आला की त्यांना वाटतं, सापडला सीसीपी! पण चौथा प्रश्न अजून वाचायचा राहिलाय. पुढची एखादी पायरी हा धोका दूर करेल का? करेल, शिजवणं. मग ही पायरी सीसीपी नाही. २०२२ मध्ये कोडेक्सने या वृक्षाची मांडणी बदलली, पण पुढच्या पायरीबद्दलचा हा प्रश्न कायम ठेवला.

आता शिजवण्याची पायरी घ्या. दुसऱ्याच प्रश्नाला 'हो' येतं आणि विषय संपतो. त्यामागचे आकडे भक्कम आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा कोंबडीसाठीचा आकडा १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७४ अंश सेल्सिअस. तुकड्याच्या गाभ्यात हे तापमान गाठलं की थांबून राहावं लागत नाही. ब्रिटनची अन्न मानक संस्था ७० अंश आणि दोन मिनिटं असं सांगते. दोन्हींत विरोध नाही. तापमान कमी ठेवलं, तर वेळ वाढवावी लागते, इतकंच.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. ओव्हनमधून तंगड्यांचा ट्रे बाहेर आला. सर्वांत जाड तुकडा निवडायचा आणि थर्मामीटरची सुई जाड मांसात, हाडाला न टेकवता घालायची, कारण हाडाला लागली तर आकडा फसवा येतो. मर्यादा ७४ ठरली आहे. पहिला तुकडा ७८, दुसरा ७६, ट्रेच्या कोपऱ्यातला ७१. ट्रे परत आत. पुन्हा मोजायचं, तोच तुकडा ७५ झाला की बाहेर काढायचा, आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहायचे, ७१ सुद्धा. (७१ खोडून ७५ लिहिणारे महाभाग असतात. ऑडिटमध्ये ते याच खाडाखोडीमुळे सापडतात.) इथे चूक जागेवर कळली आणि जागेवरच सुधारता आली. दारातल्या त्या ४ अंशांच्या आकड्याने यातलं काहीच साधत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट उरकते. 'ड' चुकीचा, कारण हात धुणं ही सगळ्या स्वयंपाकघराची पूर्वअट आहे. हात कितीही स्वच्छ असले तरी कच्च्या चिकनमधला साल्मोनेला त्याने मरत नाही. पर्यायात '७४ अंश सेल्सिअस' दिसलं तर ते सीसीपी नव्हे, ती त्या सीसीपीची मर्यादा, आणि थर्मामीटर लावणं ही देखरेख. मांस पांढरं झालं म्हणजे शिजलं, यावर तर विसंबूच नका. रंग आधीही बदलतो आणि पूर्ण शिजलेलं चिकनही कधी गुलाबी राहतं. आणि 'अ' सीसीपी नाही म्हणून दारातली तपासणी सोडायची, असा अर्थ कृपया काढू नका. ती करायचीच, पूर्वअट म्हणून.

मात्र 'अ'वर हटून बसलेल्या एका विद्यार्थ्याने मला एकदा गप्प केलं होतं. तो मासळीच्या कारखान्यातून आला होता. "मॅडम, आमच्याकडे बांगडा घेताना दारातच सीसीपी असतो." त्याचं बरोबर होतं. बांगडा पकडल्यावर वेळेत थंड केला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. पुढे सावरायला कुणी नाही, म्हणून दारातच अडवायचं. तोच निर्णयवृक्ष, तोच चौथा प्रश्न, फक्त उत्तर 'नाही'. त्याने मासळीचं बरोबर उत्तर चिकनच्या प्रश्नाला दिलं होतं.

म्हणून पर्यायांआधी धोक्याचं नाव वाचायचं. याच प्रश्नात साल्मोनेलाच्या जागी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स लिहा आणि पर्यायांत 'शिजवल्यानंतर थंड करणं' घाला, की 'क' चुकीचा ठरतो. या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून तगतात. मोठ्या पातेल्यातली ग्रेव्ही ओट्यावर हळूहळू निवत राहिली की ते रुजतात, आणि साधारण ४३ ते ४७ अंशांच्या पट्ट्यात तर झपाट्याने वाढतात. म्हणून अमेरिकेच्या फूड कोडमध्ये थंड करण्याचे दोन टप्पे दिले आहेत : ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि ५ अंशांवर एकूण सहा तासांत. पहिला टप्पा मुद्दाम आखूड ठेवलाय, कारण तो धोक्याचा पट्टा त्यातच येतो. उथळ ट्रेमध्ये ओतलेली ग्रेव्ही हा टप्पा गाठते, खोल पातेल्यातली सहसा गाठत नाही.