रविवारचा आकडा रविवारशीच ताडायचा

एका मध्यम सहकारी बँकेत रोज सरासरी हजार यूपीआय व्यवहार होतात, असं समजू. एखाद्या दिवशी हा आकडा अचानक वाढला, तर संगणकानं अधिकाऱ्याला संदेश पाठवायचा. वाढला म्हणजे किती, हे ठरवायला सरकती सरासरी वापरतात. मागच्या सात दिवसांची सरासरी काढायची आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत जुना दिवस गाळून नवा धरायचा. आजचा आकडा मात्र तिच्यात घ्यायचा नाही, नाहीतर आजची उसळी सरासरीलाच वर ओढते.

आता नियम केला, की सरासरीपेक्षा २५ टक्के जास्त झालं की संदेश. शनिवारी बाजाराची गर्दी, व्यवहार १,२६०. लगेच संदेश! पण या बँकेत दर शनिवारी साडेबाराशेच्या आसपास व्यवहार होतातच. असे फुकाचे संदेश दर आठवड्याला आले, की माणसं ते उघडेनाशी होतात, आणि मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. दुसऱ्या दिवशी रविवारी १,१५० व्यवहार झाले. हजाराच्या मानानं वाढ फक्त १५ टक्के, त्यामुळे संगणक गप्प. मागच्या चार रविवारचे आकडे मात्र ७१०, ६९०, ७३० आणि ७१० होते, म्हणजे सरासरी ७१०. तिच्याशी ताडलं तर वाढ ६० टक्क्यांहून अधिक! म्हणून शनिवार शनिवारशी आणि रविवार रविवारशीच ताडायचा.

संदेश आला म्हणजे चोरी झालीच, असं नाही. आधी व्यवहारांचे १२ अंकी संदर्भ क्रमांक पाहायचे. तेच क्रमांक दोनदा दिसले, तर नोंदींची फाइल दोनदा चढली असण्याची शक्यता मोठी. क्रमांक वेगळे, पण एकाच खात्यातून पाठोपाठ छोट्या रकमा जात असतील, तर त्या खातेदाराला तातडीनं फोन करायला हवा.

खरी मेख पुढच्या रविवारी असते. १,१५० हा बिघडलेला आकडा तसाच ठेवला, तर चार रविवारची सरासरी ८२० होते. मग त्या दिवशी १,००० व्यवहार झाले, तरी वाढ २२ टक्केच दिसते आणि दुसरा घोटाळा निसटतो. उपाय सोपा आहे. सरासरीऐवजी चार आकडे चढत्या क्रमानं लावून मधल्या दोघांचा मध्य घ्यायचा. तो येतो ७२०, आणि १,००० लगेच नजरेत भरतो.

धनत्रयोदशी मात्र या हिशेबात बसत नाही. ती दरवर्षी वेगळ्या वारी येते, म्हणून सणांची यादी हातानं भरावी लागते. त्या दिवशी संदेश बंद ठेवू नयेत, गर्दीत लपणं चोराला सोपं जातं. तुलना गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीशी करावी आणि वर्षभरात एकूण व्यवहार जितके वाढले, तितकी वाढ धरून चालावं.

शिवाय दहा खात्यांतून दहा मोठ्या रकमा गेल्या, तर व्यवहारांच्या संख्येत काहीच दिसणार नाही. त्यासाठी हाच हिशेब दिवसभराच्या एकूण रकमेवर वेगळा चालवावा लागतो.