एक मीटरवरचा हिशेब

कारखान्यात पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो रात्री काढतात, तेव्हा कॅमेऱ्यातून केबलच्या टोकाला इरिडियम-१९२ची काही मिलिमीटरची गोळी बाहेर सरकते. ती उघडी असताना मीटरभर अंतरावर किती मात्रा मिळेल? हे आधीच सांगणारा आकडा म्हणजे मात्रादर स्थिरांक. इरिडियमसाठी तो साधारण ०.१३ आहे: एक गिगाबेकरेल क्रियाशीलतेच्या बिंदूवजा स्रोतापासून एक मीटरवर ताशी ०.१३ मिलिसिव्हर्ट. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण अधिक ऊर्जेचे, म्हणून त्याचा आकडा ०.३५ च्या आसपास.

आता गणित करू. गोळी ४० क्युरीची, म्हणजे १४८० गिगाबेकरेल. १४८० गुणिले ०.१३, म्हणजे ताशी सुमारे १९० मिलिसिव्हर्ट. कामगाराची वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसिव्हर्ट. ती इथे सहा-सात मिनिटांत संपते. दहा मीटर मागे सरलात, तर दर शंभरपट उतरून ताशी दोनच्या आत येतो.

गोळी ७४ दिवसांत निम्मी होते, त्यामुळे हिशेबात आजची क्रियाशीलता घ्यायला हवी, प्रमाणपत्रावरची नव्हे. शिवाय हा आकडा उघड्या हवेतला आहे. भिंतीवरून विखुरलेले किरण त्यात धरलेले नाहीत. आणि गोळीला बोट लावण्याइतक्या जवळ तो लागूच पडत नाही, कारण तिथे ती बिंदू राहत नाही.

गोळी आत ओढल्यावरही कॅमेऱ्याजवळ मीटरचा काटा खाली आला नाही, तर ती नळीत अडकली आहे असे समजा आणि पुढे पाऊल टाकू नका.