पाचटाचें खत : कर्ब-नत्राचा हिशेब व पक्वतेची परीक्षा

उसाची तोडणी उरकली म्हणजे एकरीं तीन-चार टन पाचट शेतांत पडून राहतें. पुष्कळ ठिकाणीं तें पेटवून देतात. कोणी उकिरड्यावर नेऊन टाकतात, आणि तेथें तें वर्ष लोटलें तरी जवळजवळ जसेंच्या तसें राहतें. प्रस्तुत लेखकानेंहि एके वर्षीं अशा उकिरड्याचें वरवर काळें दिसणारें खत मृगापूर्वीं बाजरीच्या शेतांत पसरलें. उगवण बरी झाली. परंतु तिसऱ्या आठवड्यांत खत पडलेले पट्टे पिवळे पडले, आणि जेथें खत पोंचलें नव्हतें त्या बांधालगतच्या ओळी मात्र हिरव्या राहिल्या. खतानें पीक खुरटावें, हें कसें ? याचें उत्तर कर्ब व नत्र यांच्या हिशेबांत आहे.

पाचट कुजविण्याचें काम सूक्ष्म जंतु करितात. त्यांस इंधन म्हणून कर्ब लागतो व शरीर वाढविण्यास नत्र लागतें. सुमारें तीस भाग कर्बास एक भाग नत्र असें प्रमाण असलें म्हणजे त्यांचें काम नीट चालतें. वाळलेल्या पाचटांत शंभर किलोंस कर्ब सुमारें ४५ किलो, परंतु नत्र अवघें ०.४ किलो, म्हणजे प्रमाण शंभराहूनहि अधिक. एवढ्या नत्रावर जंतूंचा निर्वाह होत नाहीं, म्हणून नुसत्या पाचटाचा ढीग तापत नाहीं. असा अर्धकच्चा माल जमिनींत गेला म्हणजे ते जंतु आपली उणीव जमिनींतील नत्र घेऊन भरून काढितात व कोंवळें पीक उपाशी राहतें. आमच्या बाजरीचें हेंच झालें.

आतां ही तूट भरावी कशी ? शेण घालावें हें सर्वांस ठाऊक आहे. पण ताज्या शेणांत पांच भागांपैकीं चार भाग पाणी असतें, हें आपण विसरतों. शंभर किलो शेणांत कर्ब सुमारें ८ किलो व नत्र ०.३५ किलो एवढेंच निघतें. म्हणून एक टन पाचटावर दोन टन शेण घातलें तरी कर्ब ६१० किलो व नत्र ११ किलो होऊन प्रमाण पंचावन्नच्या घरांत राहतें. त्यांत एक टन हिरवें, बीं न धरलेलें तण मिळविलें, तर कर्ब ८० किलो व नत्र ५ किलो वाढतें. शिवाय १० किलो युरिया पाण्यांत विरघळवून थराथरांवर शिंपडल्यास नत्र ४.६ किलो येतें. एकूण कर्ब ६९० किलो, नत्र २०.६ किलो, प्रमाण तेहेतीस. हा ढीग खात्रीनें तापतो. ज्यास युरिया नको असेल त्यानें पाचट आधीं गोठ्यांत जनावरांखालीं अंथरून गोमूत्रानें भिजूं द्यावें. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंदूर पद्धतींत गोठ्यांतील मुतानें भिजलेल्या अंथरणास व मातीस असेंच महत्त्व दिलेलें आहे.

ढीग रचण्यापूर्वीं पाचटाचे वीतभर तुकडे करावेत व तण दोन दिवस उन्हांत सुकूं द्यावें. ढिगाची रुंदी पांच फूट, उंची साडेचार-पांच फूट, आणि लांबी सामानाच्या मानानें ठेवावी. तीन फुटांहून लहान ढिगांत उष्णता टिकत नाहीं. वीतभर पाचट, त्यावर तण, त्यावर शेणकाला, असे थर द्यावेत. पायांनीं तुडवूं नयेत, कारण हवा कोंडते.

ओलाव्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाचटाचें पातें मेणचट असल्यानें वरून ओतलेलें पाणी निथळून खालीं जातें व आंतील थर कोरडेच राहतात. म्हणून थर लावतांनाच पाणी शिंपडावें. वरील मापास पाचशें लिटरांच्या आसपास पुरतें. परीक्षा सोपी आहे. ढिगांत हात घालून मूठभर माल काढावा व घट्ट पिळावा. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब दिसले तर ओल योग्य; धार लागली तर फार; आणि तळहात ओला न होतां माल विस्कटला तर कमी.

तीन ते पांच दिवसांत ढीग तापूं लागतो. लोखंडी पहार मधोमध खुपसून दहा मिनिटांनीं काढावी. तिचें टोंक हातांत धरवलें नाहीं, म्हणजे उष्णता योग्य चढली असें समजावें. पंचावन्न अंशांवर कांहीं दिवस राहिलेल्या भागांतील बहुतेक तणांचें बीं मरतें, परंतु बाहेरचा वीतभर थर थंडच असतो. म्हणून पहिली पालटणी पंधराव्या दिवशीं, दुसरी महिन्यानें व तिसरी दोन महिन्यांनीं करावी, आणि प्रत्येक वेळीं बाहेरचा माल आंत व आंतला बाहेर घ्यावा. तथापि दिवसांपेक्षां ढिगाकडे पाहावें. नाकांत झोंबणारा मुतारीसारखा वास आला तर नत्र उडून जात आहे. कोरडें पाचट मिसळावें. कुजक्या अंड्यासारखी घाण आली तर पाणी फार होऊन हवा कोंडली आहे. मुदतीची वाट न पाहतां पालटावें. आंत राखेसारखी पांढुरकी बुरशी दिसली तर ढीग सुकला आहे. पालटतांना पाणी द्यावें. ओल बरोबर असून वास नाहीं व ऊबहि नाहीं, तर नत्र कमी पडलें असें समजावें.

तीन-चार महिन्यांनीं ढीग निम्म्याहून खालीं बसतो. आमच्या हिशेबांतील ६९० किलो कर्बापैकीं निम्म्याहून अधिक जंतूंच्या श्वासाबरोबर उडून जातो व समजा ३१० किलो उरतो. नत्र थोडेंच घटून १७ किलो उरलें, तर प्रमाण अठरावर येतें. विसांच्या आंत प्रमाण आलें म्हणजे खत पिकाचें नत्र ओढून घेत नाहीं.

हें प्रमाण घरीं मोजतां येत नाहीं, आणि काळा रंग हा पुरावा नव्हे. ओलें, अर्धें कुजलेलें पाचटहि काळें दिसतें. म्हणून तीन परीक्षा कराव्यात. पहिली : ढीग पालटून योग्य ओल द्यावी व आठवडाभर पहार घालून पाहावें, पुन्हां ताप चढला तर खत कच्चें. दुसरी : मूठभर ओलें खत झांकणाच्या बरणींत आठ दिवस बंद ठेवावें, उघडतांच पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर ठीक, आंबूस किंवा उग्र आला तर थांबावें. तिसरी सर्वांत खात्रीची : एका कुंडींत निम्में खत व निम्मी माती, दुसरींत नुसती माती घेऊन प्रत्येकींत अळिवाचे वीस दाणे पेरावेत. आठवड्यानें दोहोंकडील रोपें मोजावींत व त्यांचीं मुळें पाहावींत. मातींत अठरा व खतांत बारा उगवलीं, किंवा मुळें आखूड व तपकिरी दिसलीं, तर ढीग ओलसर ठेवून आणखी महिनाभर मुरूं द्यावा. दोहोंकडे सारखींच हिरवीं रोपें दिसलीं, म्हणजे तें खत पेरणीच्या शेतांत नेण्यास हरकत नाहीं. पेरणी तोंडावर आली व खत तयार नसेल, तर तें त्या हंगामांत न घालणेंच बरें.