राखाडी उजेड नसतो

२०२५च्या नवरात्रात २७ सप्टेंबरला शनिवार आला आणि त्या दिवसाचा रंग होता राखाडी. गरब्याचं सभागृह सजवणाऱ्याला नऊ रंगांपैकी खरा घाम फोडतो तो हाच. लाल दिवस असला की लाल दिवे लागतात, हिरव्याला हिरवे. राखाडी दिवा मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण राखाडी म्हणजे मंदावलेला पांढरा. पांढरा दिवा कमी करत गेलं तर राखाडी उजेड पडत नाही, नुसता अंधार वाढतो. नऊ दिवस नऊ रंग दाखवायचे, तर कोणता रंग दिव्यातून आणायचा आणि कोणता कापडातून, हा या कामातला मूळ प्रश्न आहे, आणि तो या एका शनिवारी उघडा पडतो.

नवरात्राचे रंग ही पोथीतली गोष्ट नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने रोजचा रंग छापायला सुरुवात केली आणि लोकलच्या महिला डब्यातून तो थेट कार्यालयांत, तिथून गरब्याच्या सभागृहात पोहोचला. रंगांचा क्रम बराचसा वाराला बांधलेला असतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी. उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा किंवा मोरपंखी. त्यामुळे घटस्थापनेचा वार कळला की पहिल्या सात दिवसांचं गणित सजावटवाल्याला यादी छापून येण्याआधीच कळतं.

आता नऊ दिवस रोज कापड बदलणं कुणालाच परवडत नाही. गरबा रात्री संपतो आणि बऱ्याच सभागृहांत सकाळी कुणाचं तरी बारसं किंवा वार्षिक सभा असते. म्हणून छत आणि भिंती एकदाच पांढऱ्या कापडाने झाकायच्या आणि रंग दिव्यांनी भरायचा, ही पद्धत रुळली. पांढरं कापड त्याच्यावर पडेल तो रंग परत करतं. लाल कापडावर निळा दिवा टाकला तर ते काळं दिसतं, कारण परतवण्यासारखं त्या उजेडात काहीच नसतं.

पण पांढरं म्हणजे कोणतं पांढरं? गोदामातून आलेले गठ्ठे ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात. छताला चढले, निळा दिवस आला, की तीन पट्ट्या मळकट दिसू लागतात. त्यांत किंचित सायीची झाक असते आणि साय निळा रंग खाते. म्हणून जाणता मंडपवाला चढवण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचं टोक एका निळ्या दिव्याखाली धरून पाहतो. दोन मिनिटांचं काम, पण ते टाळलं तर ती चूक नऊ दिवस डोक्यावर टांगलेली राहते. सॅटिनबद्दलही असंच. दुकानात ते चमकतं म्हणून आवडतं, पण त्याच्यावर दिव्याचा एक पांढरा ठिपका उठतो आणि बाकी भाग फिका राहतो. जॉर्जेटसारखं न चमकणारं कापड उजेड सारखा पसरवतं.

एक सभागृह घेऊ. लांबी ८० फूट, रुंदी ५०, उंची १८. मध्यभागी छताखाली ४ फूट व्यासाची लोखंडी रिंग टांगायची आणि तिच्यापासून चारही भिंतींकडे पट्ट्या सोडायच्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. कापडाचा पन्हा ४४ इंच. भिंतींची एकूण लांबी २६० फूट आहे, म्हणजे सलग छत करायचं तर ७१ पट्ट्या लागतील. ३६ पुरतात. भिंतीपाशी दोन पट्ट्यांमध्ये जवळपास एका पट्टीएवढी फट राहते, आणि ती राहायलाच हवी, कारण पंखे, एसीचा झोत आणि आगीच्या वेळी पाणी सोडणारे नळ त्या फटींतूनच काम करतात. रिंगचा घेर साडेबारा फूट, त्यात ३६ पट्ट्या बसवायच्या म्हणजे ४४ इंचांच्या प्रत्येक पट्टीच्या चुण्या घालून ती सव्वाचार इंचांत आणायची. चुण्या सुतळीने आवळून आधीच शिवून आणल्या तर एक दिवस वाचतो. सगळं मिळून सुमारे ४०० मीटर कापड.

इथवर बेरीज-गुणाकार आहे. खरी गंमत झोळात आहे. पट्टी ताणून दोरीसारखी सरळ केली तर छत रुक्ष दिसतं, म्हणून तिला थोडा झोळ द्यायचा. नवखा माणूस समजतो की मध्ये ४ फूट खाली यायला हवं तर ३-४ फूट कापड जास्त सोडावं. ४० फुटांच्या अंतरात ४ फुटांचा झोळ आणायला कापड जास्त लागतं फक्त एक फूट, वर इंचभर. दोन फूट सोडलं तर मधला भाग साडेपाच फूट खाली येतो. उलट ६ इंचच सोडलं तरी झोळ पावणेतीन फुटांचा असतो. थोडक्यात, वीतभर चूक माणसाच्या कमरेएवढी दिसते. शिवाय लांबच्या कोपऱ्यात आणि जवळच्या भिंतीवर एकच माप चालत नाही. २५ फुटांच्या अंतरात तोच ४ फुटांचा झोळ हवा असेल तर पावणेदोन फूट जास्त कापड लागतं. म्हणून पट्ट्यांना क्रमांक घालतात, १ ते ३६, भिंतीच्या टोकाला खडूने. क्रमांक न घातलेलं छत दुसऱ्या वर्षी चढवताना जी भांडणं होतात, ती मी लांबून ऐकली आहेत.

मग दिवे. पूर्वी हजार वॉटचे पार दिवे असत आणि त्यांच्या तोंडावर रंगीत जिलेटिनचा कागद. रोज शिडी लावून कागद बदलायचा. गडद निळ्या कागदातून मूळ उजेडाचा अगदी थोडा भाग बाहेर येई, बाकी सगळा उष्णता होऊन कागदच जाळी. आता लाल, हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्या एलईडीचे पार दिवे आले. आपल्या सभागृहाला असे २४ पुरतात. प्रत्येकी दीडशे वॉट धरले तरी साडेतीन किलोवॉटच्या आसपास जातात. जुने चोवीस लावले असते तर चोवीस किलोवॉट लागले असते. हे दिवे डीएमएक्स नावाच्या तारेने एकाला एक जोडतात. एका तारेवर ५१२ वाटा असतात, एका दिव्याला आठ लागल्या तर चोवीस दिव्यांच्या १९२ होतात. शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा रोधक लावायचा असतो. तो विसरला की दिवे मधूनच लुकलुकतात आणि सगळे जनरेटरला शिव्या घालतात.

दिवा भिंतीपासून किती लांब ठेवायचा, यावर कापडाचं रूप ठरतं. दीड-दोन फुटांवरून वर फेकला तर उजेड कापडाला घासत जातो आणि प्रत्येक चुणीची सावली पडते, भिंत खोल दिसते. पाच फुटांवर नेला तर चुण्या पुसल्या जातात आणि रंग सपाट पसरतो. पांढऱ्या दिवशी मला पहिली पद्धत योग्य वाटते, कारण त्या दिवशी दाखवायला सावल्यांशिवाय दुसरं काही नसतं.

सगळ्यात जास्त चुका मात्र इथे होत नाहीत, त्या होतात माणसांवर. लाल दिवस, म्हणून नाचणाऱ्यांवरही लाल दिवे सोडले जातात. लाल साड्या, केशरी ओढण्या, गुलाबी काठ, सगळे त्या उजेडात एकसारखे होतात आणि हिरवा काठ काळा पडतो. ज्यांनी त्या दिवसासाठी म्हणून साडी शोधली, त्यांचीच साडी दिसेनाशी होते. हिरव्या दिवशी चेहरे आजारी दिसतात. पिवळा तर फसवाच, कारण दिवा तो लाल आणि हिरव्याच्या मिश्रणातून बनवतो आणि हिरवा थोडा वर गेला की सगळ्यांना कावीळ होते. त्यासाठी स्वतंत्र अंबर एलईडी असलेले दिवे घ्यावेत. गडद निळ्याची अडचण वेगळी. डोळ्यांना तो मंद भासतो, म्हणून चालवणारा तो वाढवत नेतो, आणि मोबाइलच्या चित्रात मात्र छत नुसतं निळं पेटलेलं दिसतं. यावर उपाय जुनाच आहे. दिवसाचा रंग छताला आणि भिंतींना द्यायचा, माणसांवर मात्र नऊही रात्री साधा, किंचित उबदार पांढरा उजेड वरून तिरका टाकायचा. गरब्यात माणूस सतत गिरक्या घेतो, त्यामुळे कुठल्याही दिशेने डोळ्याच्या उंचीवर लावलेला दिवा कुणाच्या तरी डोळ्यांत जातोच.

माणसांवर वेगळा उजेड टाकायला आणखी एक कारण आहे, आभले. चणिया-चोळीवरचे आभले मऊ, पसरलेल्या उजेडात मरतात. आरसा समोरची वस्तू परत दाखवतो, आणि समोर सगळीकडे पांढरं छत असेल तर तो पांढरं छतच दाखवतो. लकाकी हवी असेल तर काळोख्या जागेत एखादा छोटा, टोकदार दिवा लागतो. म्हणून रिंगच्या आत सहा-आठ अरुंद झोताचे दिवे लावतात आणि त्यांच्या मागचं कापड मुद्दाम अंधारात ठेवतात. गिरकी घेतली की घागऱ्यावर ठिणग्या उडतात त्या तिथून.

दांडियाला ताल चढला की स्ट्रोब लावायचा मोह होतो. लावू नये. लुकलुकत्या उजेडात टिपरी तुकड्यातुकड्यांनी दिसते आणि समोरच्याच्या टिपरीऐवजी बोटावर बसते. स्वस्त एलईडीही हाच खोडसाळपणा करतात, कारण मंद करताना ते खरं तर वेगाने चालू-बंद होत असतात. दुकानातच दिवा अर्ध्यावर आणून त्याखाली पेन हलवून पाहावं. पेनाची रेघ सलग दिसली तर ठीक, पंख्यासारखी तुटक दिसली तर दिवा परत करावा.

आगीचं थोडक्यात सांगतो. कापडाची चिंधी बाहेर नेऊन जाळून पाहायची. पॉलिस्टर वितळून पेटते थेंब खाली टाकतं, आणि खाली शेकडो माणसं असतात. आगरोधक प्रक्रिया केलेलं कापड ज्योत काढली की विझतं. देवीपुढचा छिद्रांचा घट, म्हणजे मूळचा गरबा, त्यात दिवा जळतच राहणार, म्हणून त्याच्या वरची पट्टी बांधतच नाहीत. त्या मोकळ्या जागेला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि शनिवार? राखाडी दिसतो तो फक्त पांढऱ्याच्या शेजारी. अख्खं सभागृह राखाडी कापडाने मढवून उजळलं तर डोळा त्यालाच पांढरं मानतो आणि लोक विचारतात, आज पांढरा आहे का? म्हणून दर तिसऱ्या पट्टीखाली एक राखाडी पट्टी टाचायची, बारा पट्ट्या, दुपारच्या चार तासांत होणारं काम. पांढऱ्या पट्ट्या पूर्ण उजळायच्या, म्हणजे मधल्या आपोआप राखाडी होतात. छताचे दिवे त्या रात्री उबदार ठेवायचे नाहीत, नाहीतर राखाडी तपकिरीकडे झुकतो. दिवसाच्या उजेडासारखा गार पांढरा लावायचा. भिंतीवर थोडी चंदेरी टिकली, बस.

२०२५मध्ये एक तिथी वाढली आणि नवरात्र दहा दिवसांचं झालं. रंगांची यादी नऊंची, रात्री दहा. शनिवारी टाचलेल्या पट्ट्या काढायला वेळ मिळाला नसेल तर रविवारच्या केशरी उजेडात त्या मळक्या विटकरी दिसतात. पण दहाव्या रात्री, सगळे दिवे पांढऱ्यावर आणले की, त्या परत राखाडी होतात.