मलकपेटचा भाव, गावचं आभाळ

मी हैदराबादेत राहतो आणि रोज संध्याकाळी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या गटावर निरोप लिहितो. महाराष्ट्रातला कांदा इथल्या मलकपेटच्या बाजारात येतो, त्यामुळे भाव इथून कळवता येतो. आभाळाचं तसं नाही. इथे ढग दाटले म्हणून गावात पाऊस येईल असं नसतं. लातूरसाठीचा इशारा हवामान विभागाचं मुंबई केंद्र देतं. मी तोच पाहतो.

एप्रिलमध्ये कांदा काढून पातीसकट शेतात सुकायला टाकलेला असतो. अशा वेळी पिवळा इशारा येतो: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस आणि जोराचा वारा. हवामान विभागाच्या हिशेबात तुरळक म्हणजे जास्तीत जास्त चौथाई ठिकाणी. आपल्या शिवारात थेंब पडला नाही तरी तो इशारा खरा ठरू शकतो. मी नुसतं ‘उद्या पाऊस’ लिहिलं आणि दोनदा कोरडं गेलं, तर तिसऱ्यांदा कुणी ताडपत्री काढणार नाही. ‘शक्यता कमी’ एवढंच लिहिलं आणि सर आली, तर कांदा भिजेल, आणि भिजलेला कांदा चाळीत सडतो. म्हणून अंदाजातली शंका आणि करायचं काम, दोन्ही लिहावं लागतं.

भावातही असाच घोळ होतो. समजा, बाजारात कमीत कमी ६००, जास्तीत जास्त १८०० आणि सर्वसाधारण ११०० रुपये क्विंटल निघाला. गावभर फिरतो तो १८००चा आकडा. तो भाव निवडक, सारख्या आकाराच्या, कोरड्या मालाच्या थोड्याच गोण्यांना मिळालेला असतो. बहुतेक माल ११००च्या आसपास जातो. त्यातून क्विंटलमागे गाडीभाडं १५० आणि अडत, हमाली, बारदाना मिळून १०० गेले, तर हातात ८५० उरतात. गावात व्यापारी जागेवर ९०० देत असेल, तर गाडी भरण्यात तोटाच आहे.

मग निरोप असा होतो:

‘१२ एप्रिल, संध्याकाळी ७. उद्या दुपारनंतर जिल्ह्यात काही गावांत गडगडाट, वारा, पाऊस. आपल्याकडे येईलच असं नाही, पण कांदा उघडा ठेवू नका. दुपारच्या आत गोळा करून झाका. ऊन पडलं की ताडपत्री काढा, नाहीतर आत वाफ धरेल. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका. आज मलकपेट: बहुतेक कांदा ११००. खर्च जाऊन सुमारे ८५०. हा अंदाज उद्या रात्रीपर्यंतचाच.’

सुरुवातीची तारीख आणि शेवटची मुदत मी कधीच गाळत नाही. निरोप एका गटातून दुसऱ्या गटात जातो आणि आठवड्यानंतरही फिरत राहतो. तारीख नसेल, तर जुना इशारा वाचून कुणी कोरड्या दिवशी काढणी थांबवतो आणि जुना भाव वाचून कुणी गाडी भरतो.