अर्जात मोबाइल नंबर कोणाचा?

ग्रामसभेत ऑनलाइन फसवणुकीवर बोलायला कोणी उभे राहिले की पहिली पाच मिनिटे ‘जागरूक राहा, दलालांपासून सावध राहा’ यातच जातात. समोर बसलेले मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याच माणसाकडे जातात. यात त्यांचा फारसा दोष नाही. तो माणूस काम करून देतो आणि भाषण देणारा देत नाही.

म्हणून दहाच मिनिटे मिळत असतील, तर सभेला एकच प्रश्न विचारावा : तुम्ही शेवटचा जो सरकारी अर्ज भरलात, त्यात मोबाइल नंबर कोणाचा टाकला होता? बऱ्याच गावांत याचे उत्तर ‘त्यानेच टाकला असेल’ असे येईल. दलालाने तीनशे रुपये घेतले की चारशे, याची चर्चा पारावर होते. नंबर कोणाचा गेला, याची कोणी करत नाही. खरे तर पैसे एकदाच जातात. नंबर मात्र पुढची कित्येक वर्षे त्या अर्जाला चिकटून राहतो.

अर्ज मंजूर झाला, त्रुटी निघाली, दुरुस्तीला मुदत दिली, पुन्हा केवायसी मागितली, यातले सगळे संदेश त्याच नंबरावर जातात. पोर्टलचा पासवर्ड विसरला तर नवा पासवर्डही तिथूनच मिळतो. त्यामुळे दलालाचा नंबर असलेल्या अर्जाचा मालक कागदावर अर्जदार असला, तरी किल्ली दलालाकडे असते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पुन्हा त्याच्याच दारात जावे लागते, ते त्यामुळेच.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत हे सारे मोठ्या प्रमाणावर दिसले. जून 2024 च्या अखेरीस अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, 1 जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि सुरुवातीला मुदत जेमतेम पंधरा दिवसांची होती. तहसील कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. अधिवास दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, या धास्तीने बायकांनी मिळेल त्याला पैसे दिले. नंतर सरकारने अटी सैल केल्या. पंधरा वर्षे जुने रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला अधिवासाऐवजी चालेल असे ठरले. पिवळे वा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज उरली नाही आणि मुदतही वाढली. म्हणजे पहिल्या आठवड्यात ज्यांनी घाईने पैसे मोजले, त्यांतल्या अनेकींना ते मोजण्याची गरजच नव्हती. दलालाचा धंदा अशा घाईवरच चालतो.

त्याच सप्टेंबरात आणखी एक प्रकार उघडकीस आला. खारघरच्या एका महिलेचा अर्ज काही केल्या दाखल होईना. चौकशी केल्यावर कळले की तिच्या आधार क्रमांकावर आधीच कोणीतरी अर्ज भरला आहे. धागा साताऱ्यापर्यंत गेला. खटाव तालुक्यातल्या एका जोडप्याने वेगवेगळ्या महिलांचे आधार क्रमांक वापरून एकाच बाईच्या नावे तिसेक अर्ज भरल्याचे समोर आले. ज्यांचे क्रमांक वापरले गेले, त्यांना आपल्या नावावर काय चालले आहे याची खबर लागण्याचा मार्गच नव्हता. अर्ज दुसऱ्याच्या हातून गेला की पोचही दुसऱ्याच्याच मोबाइलवर येते.

झेरॉक्सच्या दुकानात विसरलेली आधारची प्रत किंवा दलालाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो अशाच कामाला येऊ शकतो. ज्या कामाला पूर्ण क्रमांक लागत नाही, तिथे मास्क केलेले आधार द्यावे. ते `myaadhaar.uidai.gov.in` वरून उतरवून घेता येते आणि त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. आपले आधार कुठे कुठे वापरले गेले, त्याचा इतिहासही तिथेच पाहता येतो. हे सारे करायला मात्र आधारला आपलाच मोबाइल जोडलेला हवा. तो नसेल किंवा जुने सिम बंद पडले असेल, तर आधी आधार केंद्रावर जाऊन ते काम उरकावे. ऑक्टोबर 2025 पासून त्याचे शुल्क 75 रुपये आहे. बाकी सगळ्या खबरदारीची सुरुवात तिथून होते.

आता ओटीपीची गोष्ट. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा सल्ला बँकेच्या बाबतीत शंभर टक्के खरा आहे, पण सरकारी अर्जाला तो तसाच लावला तर अर्जच भरला जाणार नाही. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा लाभार्थी महिलेचा आणि पतीचा किंवा वडिलांचा, असे दोन ओटीपी लागत होते. सेवा केंद्रात बसून काम करायचे तर ते कुठेतरी टाकावे लागणारच. म्हणून सभेत सांगायचे ते असे : फोन आपल्या हातात ठेवा, संदेश पूर्ण वाचा आणि अंक शक्यतो स्वतः टाइप करा. संदेशात तो ओटीपी कशासाठी आहे हे लिहिलेले असते. आधारचा ओटीपी असेल तर आधारचे शेवटचे अंक दिसतात. बँकेचे नाव, एखादी रक्कम किंवा यूपीआयचा उल्लेख दिसला, तर अर्जाशी त्याचा काही संबंध नाही आणि तिथेच उठून यावे. फोनवरून ‘योजनेसाठी ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला तर काहीच सांगायचे नसते, कारण कोणतेही कार्यालय असा फोन करत नाही.

त्याच ई-केवायसीच्या काळात हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळेही फिरली. खरा पत्ता होता `ladakibahin.maharashtra.gov.in`. पत्ता वाचताना पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत यायचे आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचे. तिथे `.gov.in`, ठिपक्यासकट, असले पाहिजे. `maharashtra-gov.in` यात ठिपक्याच्या जागी आडवी रेघ आहे, म्हणून ते सरकारी नव्हे. पत्त्याच्या सुरुवातीला कितीही सरकारी शब्द असले तरी त्याला अर्थ नाही. याला अपवादही आहेत. महावितरणचा पत्ता `mahadiscom.in` असा आहे. पण आधार, पैसे आणि योजना यांचा संबंध असेल तिथे ही खूण बहुतेक वेळा पुरते. व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावाने येणारी `.apk` फाइल मात्र उघडायचीच नाही. ती एकदा फोनमध्ये बसली की आलेले संदेश परस्पर चोराकडे जाऊ शकतात, मग नंबर आपला असूनही उपयोग नसतो.

एक अर्ज शेवटपर्यंत पाहू. अकरावीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. `aaplesarkar.mahaonline.gov.in` वर मोबाइल नंबर आणि ओटीपीने नोंदणी करायची, मग महसूल विभाग, महसूल सेवा आणि उत्पन्न प्रमाणपत्र निवडायचे. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा (शेतकऱ्यांसाठी बहुधा तलाठ्याचा अहवाल) आणि स्वयंघोषणापत्र जोडायचे. इथवर सगळे सोपे. लोक अडकतात ते फोटोपाशी. पोर्टलला फोटो 5 ते 20 केबीचा लागतो, कागदपत्रे 75 ते 500 केबीची. मोबाइलने काढलेला फोटो सहज दोन-तीन एमबीचा असतो. पोर्टल तो नाकारते आणि कारणही नीट सांगत नाही. मग ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून माणूस उठतो. खरे तर फोटो लहान करणारे साधे अॅप किंवा गावातला कॉलेजचा एखादा मुलगा एवढ्याने ती अडचण सुटते. दलालाच्या तीनशे रुपयांतली बरीचशी रक्कम याच केबीच्या नावावर जमा होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

स्टॅम्प पेपर हा दुसरा सापळा. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर स्वाक्षरी करून दिले तरी चालते, हे राज्य सरकारने मार्च 2025 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तरीही काही कचेऱ्यांच्या आवारात स्टॅम्प विकणारा आधी गाठतो.

सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला मात्र दलालाच्या पंक्तीत बसवू नये. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याला तेच केंद्र लागते. त्याचे सेवाशुल्क ठरलेले आहे. 2025 मध्ये ते 20 रुपयांवरून 50 रुपये झाले आणि दाखल्याचा एकूण खर्च धरूनही रक्कम शंभराच्या आत राहते. केंद्रात दरफलक असायला हवा आणि पैसे दिल्यावर छापील पावती मिळायला हवी. पावतीवर अर्ज क्रमांक असतो. ज्याच्याकडे दरफलक नाही, पावती नाही आणि जो ‘मी बघतो, तुम्ही फक्त आधार पाठवा’ म्हणतो, तो केंद्रचालक नव्हे. केंद्रात अर्ज भरला जात असताना पडद्याकडे वाकून फक्त एवढे बघावे की मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर आहे की नाही.

दाखला हातात आल्यावरही एक काम उरते. त्यावरच्या बारकोडचा क्रमांक आपले सरकारच्या पोर्टलवर पडताळून पाहावा. झटपट दाखल्याच्या नावाखाली संगणकावर बनवलेले दाखले सापडतात आणि ते पकडले जातात नेमके प्रवेशाच्या वेळी. तोवर दलाल फोन उचलत नाही आणि अडकतो तो दाखला सादर करणारा विद्यार्थी.

मुदत उलटूनही दाखला आलाच नाही तर? लोक दलालाकडे वळतात ते बहुधा याच टप्प्यावर, कारण कचेरीत ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच उत्तर मिळते. सर्व्हर खरोखरच बंद असतो, जूनमध्ये तर फारच. पण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून लागू आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 15 दिवसांची आहे. ती संपली की पुढच्या 30 दिवसांत पोर्टलवरूनच प्रथम अपील करता येते. त्यानेही भागले नाही तर द्वितीय अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अपिलासाठी पावतीवरचा अर्ज क्रमांक लागतो, आणि पोर्टलमध्ये शिरायला अर्थातच आपला मोबाइल नंबर.

ज्यांचा नंबर आधीच दुसऱ्याचा गेला आहे, त्यांनी सभा संपल्यावर आपले सरकारच्या 1800 120 8040 या मदत क्रमांकावर किंवा जिथे अर्ज भरला त्या केंद्रावर विचारावे आणि नंबर बदलून घ्यावा. बँकेतून पैसे गेले असतील तर आधी 1930 फिरवावा. हा फोन जितक्या लवकर जाईल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त असते.