बाळाची खोली, पेटीतील कपडे आणि डांबरगोळीचा वास

धानाची कापणी आटोपून थंडी पडू लागली, की खैरलांजीच्या आसपासच्या गावांत घरोघरच्या लोखंडी पेट्या उघडल्या जातात. ज्या घरी पाळणा हलावयाचा आहे, तेथे मोठ्या भावंडाचे टोपडे, लोकरीचे मोजे, आजीची शाल आणि बाप्तिस्म्याचा पांढरा झगा बाहेर निघतो. त्यांबरोबर एक उग्र वासही बाहेर येतो. तो पांढऱ्या डांबरगोळ्यांचा वास असतो. आपल्या भागात कोणी त्यांना फिनाईलच्या गोळ्याही म्हणतात. या वासाला कपडे नीट जपल्याची खूण मानून पुष्कळ माताभगिनी ते कपडे तसेच बाळाला घालतात. असे का करू नये, हे आज आम्ही सांगणार आहोत.

या गोळ्या बहुधा नॅप्थलीन नावाच्या पदार्थाच्या असतात. गोळी दिवसेंदिवस लहान होत जाते, कारण ती न वितळता सरळ वाफ होऊन उडते. ती वाफ कपड्यांत मुरते. बाळ ती श्वासावाटे घेते आणि ती कातडीतूनही अंगात शिरते. नॅप्थलीन तेलात सहज विरघळते. म्हणून तेलाने चोळून न्हाऊ घातलेल्या बाळाला लगेच अशा दुपट्यात गुंडाळले, तर ते अधिक शोषले जाते.

अंगात गेलेल्या नॅप्थलीनपासून जे पदार्थ बनतात, ते रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. मोठ्या माणसाचे शरीर त्याला बरेच तोंड देते, पण नवजात बाळाचे यकृत अजून कच्चे असते. फुटलेल्या पेशींतून निघणारे पिवळे द्रव्य त्याला पुरेसे बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठते आणि कावीळ वाढते. ती फार वाढली तर ते द्रव्य मेंदूत उतरते. मग बाळ दगावते, किंवा जगले तरी त्याला बहिरेपण अथवा अपंगत्व येऊ शकते.

ही नुसती भीती नव्हे. ग्रीस देशातील डॉक्टर व्हालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली अशा २१ तान्ह्या बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे व पांघरुणे त्यांच्या जवळपास वापरात होती. बहुतेकांच्या अंगाला ते कपडे लागलेही नव्हते, वाफ केवळ श्वासावाटे गेली होती. सर्वांचे रक्त फुटले आणि दोन बालके दगावली. त्यांपैकी १० बालकांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव होती. तिला डॉक्टर जी-६-पीडीची कमतरता म्हणतात. हा पदार्थ तांबड्या पेशींचे रक्षण करतो, आणि तो कमी असला की पेशी लवकर फुटतात. मात्र ही उणीव नसलेल्या बालकांनाही बाधा झाली होती, हे ध्यानात ठेवावे.

ही उणीव मध्य भारतातील आदिवासी समाजांत व इतर समाजांतही आढळते. मुलग्यांना ती आईकडून येते आणि मुलींपेक्षा त्यांच्यात ती अधिक दिसते. एरवी माणूस धडधाकट असतो, म्हणून ती घरात कोणाला ठाऊक नसते. हिवतापावरील प्रायमाक्विनची गोळी घेतल्यावर नात्यातील कोणाला काळपट लघवी झाली असेल, तर ते बाळंतपणापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. रक्ताच्या तपासणीत ही उणीव कळते.

आता पेटीचे काय करावे ते पाहू. समजा, बाळंतपण पौषात अपेक्षित आहे. मग कार्तिकातच बाळाचे कपडे वेगळे काढावेत, साध्या साबणाने दोनदा धुवावेत आणि तीन-चार दिवस मोकळ्या उन्हात व वाऱ्यावर टाकावेत. नंतर नाकाशी धरून पाहावे. लोकरीच्या कपड्यात वास अधिक टिकतो, म्हणून त्याला आणखी काही दिवस वारा द्यावा. वास उरला असेल, तर तो कपडा बाळाला घालू नये, बाप्तिस्म्याचा झगा असला तरीही. उग्र वासाची पेटी बाळंतिणीच्या खोलीतून हलवावी. बाळाजवळ निजणाऱ्या आजीची शालही याच रीतीने तपासावी.

पुढील वर्षासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कसर लागते ती मुख्यतः लोकर व रेशमाला. स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या, कडक वाळवलेल्या सुती कपड्यांना गोळीची गरजच नसते. घरातील गोळी कापराची की नॅप्थलीनची, हे पाण्याच्या पेल्यात टाकून कळते. कापूर तरंगतो आणि नॅप्थलीन तळाशी जाते. पण कापूर निघाला म्हणून तो बाळासाठी चालतो असे नाही. पोटात गेलेल्या कापराने तान्ह्याला झटके येतात, म्हणून कापूर घातलेले तेल किंवा मलम नवजाताच्या छातीला वा नाकाला लावू नये.

आता खोलीतील इतर वासांविषयी. जन्मलेले बाळ आईला नाकाने ओळखते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३० नवजातांपुढे आईचा एक स्तन धुतलेला आणि एक न धुतलेला होता. त्यांपैकी २२ बाळे न धुतलेल्या स्तनाकडे वळली. म्हणून आईने छातीला अत्तर, सुवासिक तेल किंवा पावडर लावू नये. शेगडीवरील ओवा, ऊद व शेपाची धुरी वासाला बरी वाटते, पण तो धूरच आहे, आणि बाळाच्या चिमुकल्या श्वासनळ्यांना तो चुरचुरतो. उदबत्तीचेही तसेच. बंद खोलीत जळत्या कोळशाने किंवा गोवरीने विषारी वायूही साठतो. आई-बाळाला शेक हवा असेल, तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून तिने अंथरूण अगोदर ऊबदार करावे आणि बाळाला निजवण्यापूर्वी ती काढून घ्यावी.

साबण व तेल घेताना डबीवर बाळाचे चित्र आहे एवढे पाहून घेऊ नये. 'सुगंध' किंवा 'परफ्यूम' या एका शब्दाखाली अनेक पदार्थ लपलेले असतात, आणि बाळाची पातळ कातडी त्यांनी लाल होऊन खाजते. बिनवासाचा साधा साबण थोडासा, तोही रोज नव्हे, एवढे पुरे. तेल साधे खोबरेलच असावे. पावडर नकोच, तिचे कण छातीत जातात.

शेवटी, धोक्याच्या खुणा. निरोगी नवजाताची लघवी जवळजवळ बिनरंगाची असते. लंगोट चहासारखा काळपट भिजला, ओठ व तळवे फिके पडले, पहिल्याच दिवशी डोळे पिवळे झाले, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत पोहोचला, तर उन्हात धरून वाट पाहू नये. बाळ दूध ओढेनासे झाले किंवा मलूल पडले, तर तेही तसेच. कपडे ताबडतोब बदलावेत, बाळाला त्याच दिवशी वारासिवनी किंवा बालाघाटच्या रुग्णालयात न्यावे आणि पेटीतील एक गोळी पुडीत बांधून सोबत घ्यावी. तो वास कशाचा होता हे डॉक्टरांना आरंभीच कळले, तर प्रकाशोपचाराला किंवा रक्त बदलण्याला उशीर होत नाही.